ओलं वजन

"परत बोटं! परत कुणीतरी तेलकट बोटं लावलीत. क्युव्हेट म्हणजे काय चहाचा कप आहे, कुठूनही धरायला?"

प्रयोगशाळेतली धाकटी मशीनसमोर वाकून पुटपुटत होती आणि मऊ कागदानं ती इवलीशी काचेची डबी पुसत होती. डबीच्या दोन बाजू खरखरीत असतात, धरायच्या त्या. उरलेल्या दोन स्वच्छ, त्यांतून प्रकाश जातो. स्वच्छ बाजूवर बोट उमटलं की मशीनला वाटतं रंगच जास्त आहे, आणि आकडा फुगतो.

"बोटं तुझीच आहेत," मागच्या टेबलावरून मॅडम म्हणाल्या. "सकाळपासून ह्या खोलीत दुसरं आहे कोण?"

धाकटीनं डबी उजेडाला धरून बघितली. खरं तर ही कुरकुर तिची नव्हतीच, वारशानं आली होती. गेल्या वर्षापर्यंत ह्याच खुर्चीत आजीबाई बसायची आणि अगदी ह्याच शब्दांत धाकटीवर करवादायची. आजीबाई म्हणजे कुणी म्हातारी नव्हे. धाकटीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, बारीक चणीची, वेणीला पेन्सिल खोचून हिंडणारी मुलगी. पण सगळ्यांना शिस्त लावायची फार हौस, म्हणून अख्ख्या विभागानं तिला आजीबाई करून टाकलं होतं. पिपेट कुणी उलटी ठेवली की आजीबाई ओरडणार. बाटलीवर तारीख नसली की आजीबाई बाटली सिंकमध्ये रिकामी करणार, आत काय होतं ते नंतर विचारणार. आणि वजनाच्या बाबतीत तर तिच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. गाळलेला पदार्थ डेसिकेटरमध्ये, म्हणजे त्या जाड काचेच्या झाकणबंद भांड्यात, दोन-तीन दिवस तरी वाळला पाहिजे. रोज वजन करायचं. लागोपाठ तेच वजन आलं तरच तो वाळला म्हणायचा. "ओलं वजन म्हणजे खोटं वजन," असं ती धाकटीला इतक्यांदा ऐकवायची, की धाकटी केस धुतल्यावर वजनकाट्यावर उभी राहायचीसुद्धा थांबली होती. निदान तसं ती सांगायची.

आजीबाई गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं.

तिचा एक पेपर राहिला होता. तिनं स्वतः एक नवा लिगँड बनवला होता. लिगँड म्हणजे धातूला चिमट्यासारखा धरून ठेवणारा रेणू. तो तांब्याबरोबर घातला की गडद हिरवा रंग यायचा. आता एका तांब्याला किती चिमटे धरतात, एक की दोन की तीन, हे ठरवायची एक जुनी, साधी रीत आहे. तांब्याचं आणि लिगँडचं द्रावण अगदी सारख्या ताकदीचं करायचं. मग ओळीनं नळ्या मांडायच्या. पहिलीत सगळं तांबं, शेवटचीत सगळा लिगँड, मधल्यांत एक कमी करत दुसरं वाढवत न्यायचं. एकूण माप मात्र प्रत्येक नळीत तेवढंच. प्रत्येक नळीचा रंग मशीनवर मोजायचा, तांब्याचा आणि लिगँडचा स्वतःचा जो काय थोडा रंग असेल तो वजा करायचा, आणि आलेख काढायचा. आलेख एका बाजूनं चढतो, दुसऱ्या बाजूनं उतरतो. दोन्ही बाजूंच्या सरळ रेषा वाढवून जिथं भेटतात, ते शिखर. शिखर बरोबर मध्यावर आलं तर एकास एक. लिगँडच्या बाजूला सरकून दोन-तृतीयांशावर आलं तर एका तांब्याला दोन लिगँड.

आजीबाईचं शिखर दोन-तृतीयांशावर आलं होतं. एकास दोन. तसल्या बोजड लिगँडच्या मानानं ही जरा मिरवायची गोष्ट होती, आणि पेपरचं नावच ह्या आकड्यावर बेतलं होतं. आता परीक्षकाचं पत्र आलं होतं: काम छान आहे, पण हा प्रयोग आणखी एका तरंगलांबीवर करून दाखवा, शिखर त्याच जागी राहतं का ते बघू. राहिलं तर द्रावणात एकच संयुग आहे अशी खात्री पटते.

मागणी रास्त होती, दुपारभराचं काम. पण त्यासाठी आजीबाईचा लिगँड लागणार होता, आणि तो एका छोट्या कुपीत तळाला उरला होता. ती दवाखान्यात भरती झाली त्या आठवड्यात धाकटीनं टेबल आवरताना ती कुपी झाकण सैल करून डेसिकेटरमध्ये ठेवली होती, ती तेव्हापासून तिथंच. वर तिच्या गोल अक्षरातली चिठ्ठी. मॅडमनी काल ती बाहेर काढली, हातात धरून उभ्या राहिल्या, परत ठेवली. आज सकाळी धाकटी म्हणाली, "मॅडम, जपून ठेवून लोणचं घालणार आहोत का?" आणि स्वतःच रडली. मग दोघींनी मिळून वजन केलं.

आता शेवटच्या नळ्या उरल्या होत्या. धाकटी एकेक आकडा वाचत होती, मॅडम टिपत होत्या. पाचव्या-सहाव्या नळीनंतरच मॅडमचा हात मंदावला होता. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी आलेख स्क्रीनवर काढला.

शिखर बरोबर मध्यावर होतं.

"माझंच काहीतरी चुकलं," धाकटी म्हणाली. "तांबं नि लिगँड उलटंपालटं झालं असणार."

"तसं असतं तर शिखर उलट्या बाजूला, एक-तृतीयांशावर आलं असतं. मध्यावर नाही."

"मग लिगँड खराब झाला असेल. वर्षभर पडून होता."

मॅडमनी मान हलवली. "खराब झाला तर त्यातला कामाचा भाग कमी होतो. मग तांब्याला पुरायला तो जास्त घालावा लागेल. शिखर लिगँडच्या बाजूला सरकेल. हे तर उलट इकडे आलंय."

धाकटीनं जुना आलेख काढला आणि नव्यावर चढवला. दोघी बघत राहिल्या. उजवी उतरण, जिथं लिगँड भरपूर आणि तांबं कमी, ती दोन्ही आलेखांत एकावर एक तंतोतंत बसली होती. केसभरसुद्धा फरक नाही. डावी चढण मात्र वेगळी होती. आजच्या मानानं जुनीचा चढ निम्माच होता.

म्हणजे तांब्याचं द्रावण तेव्हाही बरोबर होतं. मशीन बरोबर होतं, मापं बरोबर होती. लिगँडच तेव्हा निम्मा होता. वजनात पुरा भरला होता, पण त्यातला जवळजवळ अर्धा भाग लिगँड नव्हताच.

"शिखर जरा इकडेतिकडे, साठ-बासष्ट टक्क्यांवर आलं असतं, तर तेव्हाच शंका आली असती," मॅडम म्हणाल्या. "मेलं नेमकं दोन-तृतीयांशावर जाऊन बसलं. चांगला आकडा दिसला की माणूस प्रश्न विचारत नाही."

धाकटीनं उठून चौकडीचा रुमाल डोक्याला बांधला, हातमोजे चढवले आणि आजीबाईच्या कृतीनं नवा लिगँड करायला घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाळला. गाळणकागदावर लोण्यासारखी ओलसर पिवळी भुकटी जमली. ती न वाळवता, तशीच ओली, तिनं तोलली आणि नळ्या मांडल्या. शिखर दोन-तृतीयांशाच्या अगदी जवळ आलं. उरलेली भुकटी डेसिकेटरमध्ये टाकली. ती वाळता वाळता जवळपास निम्मी झाली, उरलेलं सगळं गाळताना वापरलेलं अल्कोहोल होतं, उडून गेलं. मग वाळलेली तोलून परत नळ्या मांडल्या. शिखर मध्यावर.

काही सिद्ध करायचं उरलं नाही.

"घाईत असेल," धाकटी म्हणाली.

"हो. ताप होता ना त्या आठवड्यात."

"ताप असेल म्हणूनच."

"डोकं दुखत असेल."

असं बराच वेळ चाललं. दोघी एकमेकींना कारणं देत होत्या, जशी शेजारीण शेजारणीला विरजण देते. पण दोघींना तो दिवस आठवत होता. सकाळी आजीबाईनं गाळलं होतं आणि संध्याकाळी आलेख काढून हसत उभी होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सकाळी गाळलेलं संध्याकाळी कसं वाळेल, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही, कारण हा प्रश्न विचारायचं काम आजीबाईचं होतं. त्या गलक्यात ती एवढंच म्हणाली होती, "पुन्हा एकदा करायचंय, नीट." ते तिचं नेहमीचंच म्हणून सगळे हसले होते. आठवड्याच्या आत ती भरती झाली.

लोण्यासारखी ओली भुकटी. हाताला गार लागते. ती ओली आहे हे बालवाडीतल्या पोरालाही कळेल. आजीबाईला कळलं नसेल, असं स्वतःशी म्हणायलासुद्धा जीभ वळत नव्हती.

"मॅडम, एक बोलू? आहे तसं पाठवलं तर?" धाकटीनं टेबलावरच्या रेघेवर नख ओढत विचारलं. "हा लिगँड जगात दुसरं कोण बनवणार आहे? कोण तपासणार?"

"तू."

"मी कशाला?"

"उद्या तुझ्या प्रबंधात हाच आकडा घेऊन पुढं जाशील, आणि तीन वर्षांनी डोकं आपटशील. शिवाय तिला कळलं असतं तर?"

"तिनं मला सिंकमध्ये ओतलं असतं," धाकटी म्हणाली. "तारीख न बघता."

पेपर दुरुस्त करायचा ठरला. एकास एक. नाव तिचंच पहिलं, कारण लिगँड तिचा, कल्पना तिची, आणि संयुग तर खरंच होतं. परीक्षकाला सरळ लिहायचं: आधीचा नमुना पुरता वाळलेला नव्हता. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, विज्ञानात असं रोज होतं. तिथवर सगळं सोपं होतं.

अवघड होते ते बाबा.

आजीबाईचे बाबा शाळेची बस चालवत. महिन्याकाठी एखाद्या दुपारी, मुलं सोडली की ते बस खाली उभी करून विभागात यायचे, दारातच चपला काढायचे. कितीही सांगितलं तरी काढायचेच. "पेपर कुठवर आला?" एवढंच विचारायचे. जुन्या आलेखाची प्रत त्यांनी मागून नेली होती, कडक प्लास्टिकमध्ये बसवून घेतली होती आणि बसमध्ये आरशाखाली लावली होती. शाळेतल्या पोरांना ते सांगत, हा माझ्या मुलीनं शोधलेला डोंगर. एका तांब्याला दोन जण धरतात. पोरांनाही ते पाठ झालं होतं. पेपर छापून आल्यावर त्यांनी पहिला तो डोंगर शोधला असता, आणि तो तिथं नसता.

आणि निघताना ते दर वेळी एक वाक्य म्हणायचे. "एक मात्र बरं झालं, मॅडम. तिला काही कळू दिलं नाही आपण. हसत गेली पोर."

ह्यातलं 'आपण' मॅडमना दर वेळी टोचायचं, कारण ते खरं होतं. ती ह्यातून उठायची नाही असं डॉक्टरांनी आईबाबांना सांगितलं तेव्हा बाबांनी सगळ्यांकडून वचन घेतलं होतं. तिला सांगायचं, रक्त कमी झालंय. फाईल आईनं कपाटात साड्यांखाली ठेवली. मामा, मावशी, दवाखान्यातल्या सिस्टर, मॅडम, धाकटी, सगळे त्या नाटकात होते. धाकटी फोनवर सांगायची, पालक खा आणि लवकर ये, तुझी खुर्ची मी कुणाला देत नाही. रक्ताच्या थेंबातलं लोह मोजू शकणारी मुलगी, हातात फोन, पाठीशी अख्खं वाचनालय, आणि तिच्यापासून आपण लपवतोय असं सगळ्यांनी मानलं. ती खाटेवरून मान डोलवायची. "पालक आवडत नाही, पण खाते," म्हणायची.

मॅडमनी बाबांना फोन करून येते म्हणून सांगितलं आणि दुपारी धाकटीला घेऊन त्यांच्या घरी गेल्या.

आई घरातच पाळणाघर चालवायची. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर सात-आठ पोरं ओळीनं झोपली होती, एकाच्या तोंडात अंगठा, दुसऱ्याचा पाय तिसऱ्याच्या पोटावर. त्यामुळे सगळं बोलणं कुजबुजत करायला लागलं. बसायला छोट्या लाकडी खुर्च्या होत्या, गुडघे हनुवटीला लागतील अशा. मॅडम बसल्या तेव्हा खुर्ची करकरली आणि धाकटीनं ओठ दाबले.

"मोठ्या खुर्च्या आत आहेत," आई लाजून कुजबुजली. "पण आत बोललं की ह्यांच्यावर लक्ष राहत नाही."

"असू द्या ताई. मला परत उभं करायला दोघी लागतील एवढंच."

बाबा गणवेशातच होते. ते छोट्या टेबलाशी उकिडवे बसले. "आला ना पेपर?" त्यांनी विचारलं.

"येणार आहे. नक्की येणार. पण त्यात थोडा बदल आहे, तो आधी तुम्हाला दाखवावा म्हटलं."

मॅडमनी पारदर्शक कागदावर काढलेले दोन आलेख आणले होते. लाल आणि निळा. रंगीत ठोकळे बाजूला सारून त्यांनी दोन्ही टेबलावर एकावर एक ठेवले. बाबांनी जुना लगेच ओळखला. "हा आपला."

"हो. आणि हा नवा. तिच्याच लिगँडचा, परत केला तेव्हाचा. बघा, डोंगर मध्यावर आलाय."

बाबा बघत राहिले. "म्हणजे दोन जण धरत नाहीत?"

"एकच धरतो."

"मग तिचं चुकलं?"

"चुकलं असं नाही..." धाकटी मध्येच म्हणाली.

"सांगते," मॅडम म्हणाल्या. "समजा तुमची बस आहे. सीटा ठरलेल्या, त्या बदलायच्या नाहीत. कधी मुलगे जास्त न्यायचे, कधी मुली, पण बस कायम भरलेली. एक मुलगा एक मुलगी अशा जोड्या लावायच्या, तर सगळ्यात जास्त जोड्या कधी होतील?"

"अर्धे अर्धे असले की."

"बरोबर. आणि एका मुलाला दोन मुली असं त्रिकूट असेल तर?"

बाबांनी बोटं मोजली. "मुली दुप्पट पाहिजेत. मग जास्तीत जास्त त्रिकुटं." एवढ्या सगळ्यात त्यांना हसू आलं. "आमच्या बसमध्ये एका मुलीला दोन मुलगे पुरत नाहीत, मॅडम. एवढ्या गुंड आहेत."

"तर तिचा डोंगर तिथं आला, दोनाला एक. म्हणून तिला वाटलं त्रिकुटं आहेत. पण खरं काय होतं, की मुलींच्या निम्म्या सीटांवर मुली नव्हत्याच."

"मग?"

मॅडम टेबलावरचा एक ठोकळा हातात फिरवू लागल्या. बाबांनीच खोलीभर नजर फिरवली. भिंतीशी पोरांच्या पिशव्या रांगेनं लावल्या होत्या. "दप्तरं?" ते म्हणाले. "सीटांवर दप्तरं होती, आणि मोजताना ती पण मुली म्हणून मोजली?"

"तसंच. ते अल्कोहोल होतं. पावडर ओली होती. वजन भरलं, पण निम्मं वजन ओलाव्याचं."

"हां." त्यांनी प्लास्टिकचा कागद उचलला, उजेडाला धरला, खाली ठेवला. "म्हणजे वाळवली नाही."

"नाही."

आईनं झोपलेल्या एका पोराचं पांघरूण उगाचच सारखं केलं. ते आधीच सारखं होतं.

"पण ती तर..." बाबा हळूच म्हणाले. "चहाला घड्याळ लावायची हो ती. माझा शर्ट जरा दमट असला तरी परत दोरीवर टाकायची. म्हणायची, बाबा, सर्दी व्हायची हौस आहे का?"

"दमली असेल," आई म्हणाली. "अंगात त्राण नव्हतं तेव्हा."

"ताप होता," धाकटी म्हणाली.

"आणि माझीही घाई होती," मॅडम म्हणाल्या. हे त्या ठरवूनच आल्या होत्या. रस्ताभर जुळवलेलं वाक्य होतं. "परिषद जवळ आली होती. मीच मागं लागले होते, लवकर दे म्हणून. माझ्यामुळं झालं ते."

बाबांनी मान वर केली. "नाही, मॅडम. तुम्ही तर तिला म्हणाला होता, सुट्टी घे, घरी झोप. मला आठवतंय ना. मीच तिला सोडायला आलो होतो त्या दिवशी. तुम्ही दारातच रागावला होता तिला."

मॅडमनी बनवलेलं एकच वाक्य होतं, तेही ओलंच निघालं.

"वाळायला किती वेळ लागतो?" बाबांनी विचारलं.

मॅडमनी धाकटीकडे बघितलं.

"अगं, तू सांग," ते धाकटीला म्हणाले. "किती?"

"दोन-तीन दिवस, काका."

"दोन-तीन दिवस."

"फार तर."

"आणि तिनं किती वाळवली?"

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. तिनं फक्त मान हलवली. नाहीच वाळवली.

बाबा बराच वेळ त्या दोन डोंगरांकडे बघत बसले. त्यांचं जाड, स्टिअरिंगनं घट्टे पडलेलं बोट जुन्या डोंगराच्या डाव्या चढणीवरून सावकाश वर जात होतं आणि शिखराशी थांबत होतं, मग परत खाली येऊन वर जात होतं. ओळीतल्या एका पोरानं झोपेत कूस बदलली. आई पटकन त्याला थोपटायला खाली वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिची पाठ हलत होती.

"अहो," ती तशीच, पाठमोरी म्हणाली. "राहू दे ना आता. पेपर येतोय ना तिच्या नावानं? मग झालं. राहू दे."

"थांब गं."

"कशाला थांबू? चहा टाकते."

"थांब म्हणतो ना."

ती थांबली. बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"दवाखान्यात मी तिला म्हणायचो," ते म्हणाले, आता कुजबुजत नव्हते, पण मोठ्यानंही नाही. "म्हणायचो, महिन्याभरात बरी होतेस, मग तुला बस चालवायला शिकवतो. लहानपणापासून माझ्या मागं लागली होती त्यासाठी, आणि मी कधी हातच लावू दिला नव्हता. वाटलं, खूश होईल. ती म्हणायची, हो बाबा."

आईनं वळून बघितलं.

"रोज म्हणायचो. रोज ती म्हणायची, हो बाबा. कधी विचारलं नाही, कुठल्या रस्त्यावर? परवान्याचं काय? क्लच जड आहे का? ही मुलगी, मॅडम, जिनं आयुष्यात माझं एक वाक्य वाद घातल्याशिवाय ऐकलं नाही. आज मंगळवार आहे म्हटलं तर कॅलेंडर बघून यायची. ती मुकाट्यानं हो बाबा म्हणत होती, आणि मी बाहेर येऊन तुम्हाला सांगत होतो, हिला काही पत्ता नाही."

"बाबा," धाकटी म्हणाली. काका म्हणायच्या ऐवजी तिच्या तोंडून तेच आलं.

"आम्ही फाईल लपवली. हिनं साड्यांखाली ठेवली. मावशीला घरी येऊन रडायला बंदी केली. डॉक्टरांच्या हातापाया पडलो. आणि ती आमच्याकडे बघून हसत राहिली, आम्हाला बरं वाटावं म्हणून." त्यांनी निळा कागद लाल कागदावरून उचलला आणि दोन्ही वेगवेगळे ठेवले, शेजारी शेजारी, पोरांच्या ठोकळ्यांमध्ये. "दोन दिवस थांबायचं होतं नुसतं. तिच्यासारखी मुलगी दोन दिवस थांबली नाही."

आई उठून त्यांच्याजवळ आली आणि त्या इवल्याशा खुर्चीच्या कडेला टेकली. "नका हो बोलू," ती म्हणाली. "नका ना."

बाबांनी तिचा हात घेतला, टेबलावर ठेवला आणि त्यावर आपला ठेवला.

"तिला माहीत होतं," ते म्हणाले.